फ्रिजचा वास जात नाही: सोडा, कोळसा की कॉफी?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. म्हणून मे संपता संपता दिवाळे गावच्या बाजारातली सुरमई आमच्या नेरुळच्या घरात तुकडे होऊन फ्रीझरमध्ये जाते. यंदा जूनमध्ये आम्ही चार दिवस गावी गेलो आणि मागे फ्रिजच्या लाइनचा एमसीबी पडला. आल्यावर सगळं फेकलं, फ्रिज साबणाने दोनदा धुतला, कोरडा केला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर तोच वास. शेजारच्या काकूंनी खाण्याचा सोडा सांगितला, नणंदेने कॉफी, दुकानदाराने कोळशाची पिशवी.

यातलं काय आणायचं हे ठरवण्याआधी वास नुसता राहिला आहे की अजून कुठे तयार होतो आहे, हे शोधावं लागतं. तयार होत असेल तर तिन्ही वस्तू फुकट जातात.

दारात उभं राहून हुंगून ते कळत नाही, कारण नाकाला वासाची लगेच सवय होते. मी कापसाचे सहा बोळे कोमट पाण्यात पिळून सहा जागा पुसल्या: दाराच्या रबराची खालची घडी, काचेच्या शेल्फच्या प्लास्टिक पट्टीची आतली बाजू, भाजीच्या ड्रॉवरखालचा तळ, दाराच्या रॅकचे कोपरे, फ्रीझरमधल्या हवेच्या फटी आणि फ्रिजच्या मागे खाली असलेला पाण्याचा ट्रे. प्रत्येक बोळा वेगळ्या वाटीत झाकला, कोणता कुठला ते लिहिलं आणि पंधरा मिनिटांनी गॅलरीत जाऊन एकेक वाटी उघडली. रबराच्या घडीचा बोळा थोडा वास मारत होता, फटींचा बराच, आणि ट्रेचा तर धरवेना.

यामागचं कारण फ्रिजच्या रचनेत आहे. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड असते. ठरावीक वेळाने हीटर तिच्यावरचा बर्फ वितळवतो आणि ते पाणी एका भोकातून, नळीतून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं. तिथल्या उष्णतेने ते उडून जातं. माशाचं वितळलेलं पाणी याच वाटेने खाली आलं होतं. ट्रे गरम, त्यात माशाचा रस, त्यामुळे निम्मा वास आतून नव्हे तर मागून स्वयंपाकघरात येत होता. बाहेरून फ्रिज कितीही घासला तरी हा ट्रे कोणी धूत नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे कॉइलवर जास्त बर्फ धरतो, म्हणजे ट्रेमध्ये पाणीही जास्त येतं.

पाण्याचं भोक तुंबलं असेल तर खूण वेगळी दिसते. भाजीच्या ड्रॉवरखाली पुन्हा पुन्हा पाणी साठतं किंवा फ्रीझरच्या तळावर बर्फाचा पातळ पापुद्रा जमतो. काही फ्रिजमध्ये हे भोक खालच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला, छोट्या पन्हाळीच्या टोकाला दिसतं. तसं असेल तर फ्रिजचा प्लग काढा. कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी सुई नसलेल्या २० मिलीच्या सिरिंजने हळूहळू भोकात घाला. उकळतं पाणी नको, तारही नको, नळीला भोक पडू शकतं. अडलंच तर मऊ प्लास्टिकची पातळ नळी हलक्या हाताने घालता येते. मग अर्धी वाटी साधं पाणी ओता आणि मागचा ट्रे बघा. थोड्या वेळात पाणी तिथे उतरलं तर वाट मोकळी आहे. आमच्यासारखं भोक पॅनलआड असेल तर तंत्रज्ञालाच बोलवावं. आम्ही पॅनल उघडून घेतलं तेव्हा फटींच्या आत चिकट थर सापडला. तो आणि ट्रे धुतल्यावर वास खूप उतरला. ट्रेला हात लावण्याआधी प्लग काढून कॉम्प्रेसर थंड होऊ द्या.

आता उरलेल्या वासाचा प्रश्न. मी झाकणाच्या चार बरण्यांत ओल्या सुकटीचा एकेक बोळा ठेवला. एकीत पसरलेला सोडा, दुसरीत ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे, तिसरीत कॉफी पावडर, चौथी रिकामी. दुसऱ्या दिवशी सोड्याची बरणी रिकाम्या बरणीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. कॉफीच्या बरणीत कॉफी आणि सुकट दोन्ही जाणवत होती. कार्बनच्या बरणीत वास स्पष्ट कमी होता, पण गेला नव्हता. मग नासलेल्या दुधाचे बोळे घेऊन तेच केलं, तेव्हा सोड्याने कार्बनची बरोबरी केली.

हे असंच व्हायला हवं. माशाचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा, तो अल्कधर्मी. सोडाही अल्कधर्मी, म्हणून त्याला तो धरत नाही. माशाच्या वासाला आम्ल लागतं: पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. लिंबूही चालतं, पण चिकट राहतं. दूध, दही नासल्याचा आंबूस वास मात्र आम्लाचा असतो, तिथे सोडा खरंच काम करतो: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून पुसा आणि कोरडा सोडा डब्यात न ठेवता ताटलीत पसरून ठेवा, कारण काम फक्त वरचा थर करतो. कांदा, लसूण, हिंग यांच्या वासाला कार्बनच बरा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची पद्धत मला पटत नाही. फेस येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळपास मिठाचं पाणी उरतं. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

विकत घ्यायचंच असेल तर माझं मत कार्बनला आहे. तोच माल फिश टँकच्या दुकानात फिल्टरचा कार्बन म्हणून सुटा मिळतो. मी साधारण दीडशे ग्रॅम सुती कापडात बांधून फ्रीझरच्या फटींजवळ ठेवला, कारण फ्रिजच्या आतल्या पंख्याची हवा तिथून फिरते. मागच्या कोपऱ्यात ठेवला तर हवा त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ओला होऊ द्यायचा नाही आणि दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. उन्हात ठेवून तो थोडाच ताजा होतो, पूर्ण नाही. इस्त्रीवाल्याचा साधा कोळसा त्याच्या जवळपासही येत नाही, त्याला तेवढी बारीक छिद्रं नसतात. कॉफी फक्त पाहुणे यायच्या दिवशी ठेवावी.

हे सगळं करूनही वास राहिला तर फ्रिज रिकामा, कोरडा करून बंद ठेवा आणि दार एक दिवस लावून घ्या. उघडल्यावर जोरात वास आला आणि कापसाच्या बोळ्यांवर काहीच सापडलं नाही, तर माशाचं पाणी आतल्या भिंतीच्या सांध्यातून इन्सुलेशनच्या फोममध्ये गेलेलं असू शकतं. तिथे सोडा, कार्बन, व्हिनेगर काहीच पोचत नाही. तिथे मी पुढचे पैसे वास घालवण्यावर न घालता नव्या फ्रिजसाठी ठेवले असते.