ट्रानेक्झामिक ॲसिड: फक्त जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत, सहा पाळ्यांच्या वापरानंतर

सहा पाळ्या वापरल्यावर निष्कर्ष असा, की पाळीतला जास्त रक्तस्राव कमी करायला ही गोळी उपयोगी आहे, पण ती पूर्ण मात्रेत आणि वेळेवर घेतली तरच. "काही फरक पडला नाही" अशी तक्रार असेल, तर आधी मात्रा आणि वेळा तपासाव्यात.

ही हार्मोनची गोळी नाही. गर्भाशयाच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर रक्ताची जी गुठळी धरते, ती शरीर स्वतःच विरघळवत असतं. ज्यांना पाळीत फार जातं, त्यांच्यात हे विरघळणं बऱ्याचदा जास्त असतं. गोळी ते रोखते. त्यामुळे ती पाळी पुढे-मागे करत नाही आणि गर्भ राहणंही थांबवत नाही. पाळीचे दिवस सहसा तेवढेच राहतात, कमी होतं ते रक्ताचं प्रमाण, साधारण चाळीस ते पन्नास टक्के. पाच दिवसांची पाळी तीन दिवसांवर येईल या अपेक्षेने घेतली, तर निराशाच होईल.

नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा, जास्तीत जास्त चार दिवस. (काही देशांत ६५० च्या दोन गोळ्या तीनदा, पाच दिवसांपर्यंत देतात.) तीनदाच का, तर औषध मूत्रपिंडांवाटे काही तासांतच बाहेर पडतं. सकाळी एकच गोळी घेतली, तर रात्री, म्हणजे चादर खराब होण्याची भीती असते तेव्हा, अंगात औषध फारसं उरलेलं नसतं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा हे वेळापत्रक सांभाळायला सोपं जातं.

एक पाळी मांडून पाहू. सोमवारी नुसते तपकिरी डाग आहेत: गोळी नाही. मंगळवारी सकाळी हलकं जातं: अजूनही नाही. दुपारी एकच्या सुमारास पॅड दोन तासांत भरू लागला: दोन वाजता पहिल्या दोन गोळ्या, रात्री दहाला दुसऱ्या दोन. बुधवार आणि गुरुवार तिन्ही वेळा. शुक्रवारी सकाळी सहाला दोन घेतल्या आणि दुपारपर्यंत पॅड चार-पाच तास पुरू लागला, की तिथेच थांबायचं. एकूण गोळ्या १८. उरलेल्या 'कोर्स पूर्ण करायचा' म्हणून संपवू नयेत, हे अँटिबायोटिक नव्हे. उलट चूकही तितकीच होते: तिसऱ्या दिवशी, सगळं जाऊन झाल्यावर सुरुवात करणं. गेलेलं रक्त गोळी परत आणत नाही.

वेळ चुकली तर आठवल्यावर घ्यावी आणि पुढची किमान सहा तासांनी. दुप्पट घेऊ नये. मळमळ किंवा जुलाब झाले, तर जेवणानंतर घेतल्यावर बहुधा सोसतं. पोटदुखीवर मात्र हिचा उपयोग नाही. त्यासाठी मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेली गोळी मिळते, पण पाकीट नीट वाचावं. एकाच गोळीत दोन्ही असताना वेगळी वेदनाशामक घेतली, तर पोटावर आणि मूत्रपिंडांवर विनाकारण ताण येतो.

फरक मोजायचा तर दर पाळीला पॅडची संख्या, रात्री किती वेळा उठावं लागलं आणि गाठींचा आकार लिहून ठेवावा. नीट मात्रेत तीन पाळ्या घेऊनही आकडे हलले नाहीत, तर गोळ्या वाढवू नयेत, डॉक्टरांकडे जाऊन फायब्रॉइड, पॉलिप वगैरे तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन आणि अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही पाहावं, कारण गोळी झीज थांबवते, रिकामं झालेलं लोह भरत नाही.

आता कोणी घेऊ नये. पाय, फुप्फुस किंवा मेंदूत पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांनी अजिबात नाही. घरात कमी वयात गुठळ्या झाल्या असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, पॅच किंवा रिंग चालू असेल, तर दोन्ही एकत्र नकोत, धोका वाढतो. ही गोष्ट विचारल्याशिवाय बायका सांगत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम. फिट येण्याचा इतिहास असेल तरी नको. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध अंगात साचतं, म्हणून मात्रा कमी करावी लागते किंवा गोळी टाळावीच लागते. लघवीतून रक्त जात असेल तर गुठळी मूत्रमार्गात अडकू शकते. पाळी चुकून मग रक्त जात असेल, तर आधी गर्भाची चाचणी. पाळी अनियमित झाली असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, विशेषतः चाळिशीनंतर, तर आधी कारण शोधावं.

एका पोटरीला सूज व दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, एका बाजूची कमजोरी, धूसर दिसणं किंवा रंग वेगळे दिसणं, यांपैकी काहीही झालं तर पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठावं.