फोंड्यातल्या प्रिंटिंगच्या दुकानासाठी मशीन घेतलं आणि ५,९६,००० गेले

सेकंड हँड कलर मशीनसोबत 'बिझनेस प्लॅन फ्री' देणारा डीलर भेटला तर तिथूनच मागे फिरा. माझे गेले ते असे. मशीन ४,८५,०००, सर्व्हिसचे ॲडव्हान्स ३६,०००, आणि 'हॉटेलचं काम दर महिन्याला देतो' म्हणून डिपॉझिट ७५,०००. हॉटेलवाल्याला विचारलं तर त्याला याचं नावसुद्धा माहीत नाही.

डिपॉझिट घेऊन काम न देणारे सगळ्यांनाच माहीत आहेत, तो भाग सोडा. मला खरं बुडवलं त्या प्लॅनने. फाइल इतकी व्यवस्थित होती की बँकवाल्यानेही मान डोलावली, मग मलाच शहाणपण का शिकवताय?

त्यात कलर पानाचा टोनर खर्च २ रुपये धरला होता. आकडा खोटा नाही, पण तो ए४ पानाचा ५ टक्के भाग प्रत्येक रंग व्यापतो असं कव्हरेज धरून काढलेला, म्हणजे चार रंग मिळून २० टक्के. कोपऱ्यात लोगो असलेलं लेटरहेड असेल तर ठीक. माझं पहिलं मोठं काम होतं मेनू कार्ड, ए३, दोन्ही बाजू, १०० नग, मागे गडद निळा समुद्र. कव्हरेज १२० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ए४ ला १२ रुपये. वर ए३ ची एक बाजू म्हणजे दोन ए४, हे प्लॅनमध्ये धरलंच नव्हतं. प्लॅनप्रमाणे टोनर ४०० रुपयांचा, प्रत्यक्षात लागला ४,८०० चा. कार्डशीट १,२०० ची. मी रेट दिला होता नगाला ४०, म्हणजे बिल ४,००० आणि खर्च ६,००० च्या वर. रेट सांगायच्या आधी गिऱ्हाइकाची फाइल उघडून बघा, नुसतं 'ए३ कलर किती' विचारलं तर उत्तरच देऊ नका.

वेस्टेज प्लॅनमध्ये २ टक्के. अहो, वेस्टेज टक्क्यात नसतंच, ते कामागणिक असतं! रंग आणि दोन्ही बाजू जुळवायला पाच-सहा शीट जातातच, मग काम २० नगांचं असो की ५०० चं. त्यात आपल्या गोव्याचा पावसाळा, पाकीट उघडं राहिलं की ३०० जीएसएम कार्ड ओल धरतं, फ्युजरच्या उष्णतेत त्या ओलीची वाफ होते आणि शीट वाकते नाहीतर फोड येतात. जुलैत माझ्या शंभरातल्या पंधरा-अठरा शीट कचऱ्यात जायच्या. उरलेला कागद त्याच वेळी परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. डेमोच्या वेळी मी काउंटरचं पान प्रिंट करायला लावलं होतं. म्हणजे मी काही आंधळा नव्हतो! टोटल मीटर १,६२,०००, आणि खाली ट्रान्सफर बेल्टचा काउंटर ३,४०,०००. मशीनपेक्षा बेल्ट जास्त चाललेला कसा? मी विचारलंही. डीलर हसून म्हणाला, "पात्रांव, बेल्ट दुसऱ्या मशीनचा घातलाय, रिफर्बिश्ड म्हणजे असंच." तसे पार्ट बदलतात हे खरं, म्हणून मी गप्प बसलो. नंतर मेकॅनिकने उघडून सांगितलं, बेल्ट मूळचाच आहे, बदललाय तो मीटर ठेवणारा बोर्ड. डेमोला माझी मेनूची फाइलही डीलरने 'जड आहे, वेळ लागेल' म्हणून चालवली नव्हती, स्वतःच्या पेनड्राइव्हमधलं लेटरहेडच काढून दाखवलं. डेमोला तुमचीच फाइल, तुमचाच जाड कागद, आणि सलग पन्नास शीट.

पोलिसांत गेलो तर 'हा सिव्हिल मॅटर'. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः आरटीजीएस केलेत, मशीनही मिळालंय. ग्राहक आयोगाच्या ऑफिसात टेबलावरच्या माणसाने कागद न वाचता परत दिले, 'धंद्यासाठी घेतलंय ना, मग तुम्ही ग्राहक नाही'. २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही! दुकानात मी आणि बायको, तिसरा माणूस नाही, आम्ही काय कारखानदार? हे मी त्याला सांगायचं, आणि पगार तो घेणार. मग विचारतात पक्कं बिल कुठाय. डीलरने दिलेली ती प्रोफॉर्मा, जीएसटी नंबर नसलेली. टॅक्स इन्व्हॉइस हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका.

आणि नेहमीचं गिऱ्हाईक? हॉटेल सोडा, आमच्याकडे परत परत येतात देवस्थानची पावतीपुस्तकं, दुकानांची बिलबुकं, जत्रेची हँडबिलं. सगळं एका रंगाचं, नंबरिंग आणि बाइंडिंगचं काम. त्याला साधं ब्लॅक मशीन पुरलं असतं, आता तेच भाड्याने घेतलंय आणि दुकान त्याच्यावर चाललंय. कलरवालं विकायला काढलंय, बघायला येणाऱ्याला काउंटरचं पान मी स्वतःच हातात देतो, म्हणून अजून कोणी घेतलेलं नाही.