आधी कोल्ड्रिंक बंद करावं की बिस्किटं-चिप्स? पिंपल्सवाल्या पोरांसाठी माझं मत

घरात पंधरा-सोळा वर्षांचं कोणी असेल, कपाळ आणि गाल पिंपल्सनी भरलेले असतील आणि डाएटचं नाव काढलं की भांडण होत असेल, तर सगळं एकदम बंद करायच्या फंदात पडू नका. एक काहीतरी आधी धरा. आता ते एक म्हणजे काय, गोड पेयं की मैद्याचा-पाकिटातला खाऊ, हा प्रश्न आमच्याकडे दोनदा आला, एकदा माझ्यासाठी आणि काही वर्षांनी धाकट्या बहिणीसाठी, आणि दोन्ही बाजू जवळून बघितल्यात म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो.

तेलकट खाल्लं की पिंपल्स येतात हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण जास्त संशय आहे तो साखर आणि मैद्यासारख्या पटकन पचणाऱ्या पिठावर. असं काही पोटात गेलं की रक्तातली साखर झपकन चढते, ती उतरवायला इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन सतत वर राहिलं की आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन जोर धरतं, ते त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना जास्त तेल करायला लावतं. गंमत म्हणजे वयात येताना आयजीएफ-१ तसंही आयुष्यातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर असतं, म्हणजे पोराची काही चूक नसताना अर्धं काम आधीच झालेलं असतं, खाणं फक्त त्यात भर घालतं.

ही भर किती, याचा अंदाज हवा असेल तर ऑस्ट्रेलियात झालेला एक प्रयोग बघा, २००७ साली छापून आला, १५ ते २५ वयाची ४३ मुलं आणि १२ आठवडे. साखर हळू चढवणारं खाणं ज्यांना दिलं त्यांचे पिंपल्स सरासरी २३ च्या आसपास कमी झाले, बाकीच्यांचे १२. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खाण्यात तसा बदल न करणाऱ्यांचेही १२ कमी झालेच, पिंपल्स आपोआप कमीजास्त होतच असतात. शिवाय पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे नक्की श्रेय कशाला द्यायचं हे सुटं करता येत नाही. म्हणजे फायदा होऊ शकतो, चमत्कार नाही.

आता तुलना. एक साधा दिवस घेऊ. शाळेतून येताना अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, घरी आल्यावर पाच-सहा क्रीमची बिस्किटं, खेळून आल्यावर चिप्सचं छोटं पाकीट, रात्री अभ्यास करताना पॅकबंद ज्यूसचा मोठा ग्लास. बाटलीत साधारण ५३ ग्रॅम साखर, म्हणजे तेरा चमचे. ज्यूसच्या २५० मिलीत पंचवीसच्या आसपास, आणि 'नो ॲडेड शुगर' लिहिलेलं असलं तरी फळाची साखर रस काढल्यावर मोकळीच होते, जागतिक आरोग्य संघटनाही ज्यूसमधली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच हिशोबात धरते. बिस्किटांत वीस-बावीस. चिप्समध्ये साखर जवळपास नाहीच. त्याच संघटनेची मर्यादा २००० कॅलरीच्या खाण्याला दिवसाला ५० ग्रॅम, शक्यतो २५ च्या आत, आणि इथे नुसत्या पिण्यातच ७८ होतात! हिशोबाने पारडं इथेच झुकतं, पण खरं सांगायचं तर माझा निर्णय हिशोबाने झालाच नाही.

झाला तो संध्याकाळच्या भुकेने. मी आधी खाऊ बंद केला होता, कारण वाटलं तेच मोठं पाप, आणि पहिले काही दिवस मस्त गेले. मग सुरू झालं ते साडेपाच-सहाचं प्रकरण. दुपारचं जेवण जिरलेलं, रात्रीच्या जेवणाला अजून दोन-अडीच तास, वाढीचं वय, खेळून आलेलो, आणि घरात जे आहे ते 'चालत नाही'. मग चिडचिड, कोणी काही बोललं की खेकसायचं, डोकं पुस्तकात लागत नाही, आणि शेवटी रात्री जेवायला बसल्यावर दुप्पट खायचं, वर काहीतरी गोड हवंच. खाऊ बंद केला की पोटात खड्डा पडतो आणि तो रोज कशाने तरी भरावा लागतो, म्हणजे कोणीतरी अंडी उकडून ठेवायची, कोणीतरी फळं आणून ठेवायची, आणि ज्या दिवशी हे राहून गेलं त्या दिवशी पाकीट फुटलंच. त्यात लेबलांची डोकेदुखी वेगळी, मल्टिग्रेन म्हणून घेतलेल्या बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचला तर पहिला पदार्थ मैदाच.

अजून एक वैताग म्हणजे खाऊमध्ये काय वाईट हे दिसून कळत नाही. चिप्स बघितले की वाटतं हाच गुन्हेगार, पण त्यातल्या तेलामुळे ते त्यामानाने हळू पचतात, आणि 'लाइट', 'डाएट' म्हणून मिळणारे तांदळाचे फुगवलेले कुरकुरीत प्रकार किंवा सकाळचे कॉर्नफ्लेक्स रक्तातली साखर चिप्सपेक्षा जास्त वेगाने चढवतात. चिप्स चांगले असं म्हणत नाहीये हं, मीठ-तेल आहेच. पण सोळा वर्षांच्या पोराला हे सगळं समजावत बसणार कोण.

पेयांचं तसं नाही. साखरेचं पाणी पोट भरतच नाही, त्यामुळे ते काढलं तरी भूक वाढल्यासारखं वाटत नाही, मला तरी अजिबात वाटलं नाही. नियमही एका ओळीत बसतो: घरात आणायचं नाही, बाहेर कधीमधी चालेल. आमच्याकडे टिकलं ते यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागामुळे, कारण मित्राच्या वाढदिवसाला हात आखडून बसायची वेळ आली की पोरं चौथ्या दिवशी सगळंच सोडून देतात. बाटली रोजची असेल तर आधी लहान बाटलीवर या, मग एक दिवसाआड, मग फक्त बाहेर. कोलावाल्यांनी एकदम थांबवलं तर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, ते कॅफिनचं, घाबरायचं नाही. गार आणि फसफसणारं काहीतरी हवंच असतं बऱ्याच जणांना, तर साध्या सोड्यात लिंबू-मीठ घालून प्यावं, साखर न घालता. शुगर-फ्री कोल्ड्रिंकबद्दल लोक विचारतात, साखर नाही म्हणजे तेवढं बरंच, मधल्या काळात पूल म्हणून ठीक आहे, पण जिभेची गोडाची सवय तशीच राहते असा माझा अनुभव. ज्यूसऐवजी अख्खं फळ, कारण एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि तेवढी बसून कोणी खात नाही. चहा-कॉफीत दोन चमचे साखर असेल तर दीड करा, पंधरा दिवसांनी एक, एकदम शून्य नको.

मग खाऊचं काय? तो मी पेयं अंगवळणी पडल्यावर घेतला आणि बंद नाही केला, जागा बदलली. शाळेतून आल्यावर आधी खरं खाणं, म्हणजे दुपारच्या जेवणातलं काहीतरी किंवा अंडं, दही, शेंगदाणे, फळ, आणि त्यानंतर बिस्किटं हवी असतील तर दोन खा. रिकाम्या पोटी सहा खाण्यात आणि भरल्या पोटी दोन खाण्यात फक्त आकड्याचा फरक नाही, आधी पोटात प्रथिनं आणि चोथा असला की साखर तेवढ्या वेगाने चढत नाही. आणि खरं म्हणजे भूक भागल्यावर बिस्किटांची आठवणही कमी येते.

फरक दिसतो का हे बघायला घाई करू नका. आज चेहऱ्यावर दिसणारा पिंपल त्वचेच्या आत बरेच आठवडे आधी सुरू झालेला असतो, त्यामुळे दहा-बारा आठवडे तरी द्यायचे. रोज आरशात बघून काही कळत नाही, आठवड्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढायचा आणि फक्त नवीन लाल फोड किती आले ते बघायचं, जुने काळपट डाग मोजायचे नाहीत, ते जायला महिने लागतात. माझा चेहरा काही काचेसारखा झाला नाही, कपाळावरचे बारीक दाणे तसेच होते, पण गालावरचे मोठे दुखरे फोड कमी झाले असं मला आणि घरच्यांनाही वाटलं. बहिणीच्या बाबतीत पाळीच्या आधीच्या आठवड्यात दर वेळी वाढायचेच, म्हणून तिचे फोटो आम्ही महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचो, नाहीतर उगाच वाटतं की काहीच उपयोग नाही.

खाऊ आधी धरावा असे लोकही आहेत हे मान्य. जो मुळात पाणीच पितो आणि दिवसभर ब्रेड, बिस्किट, केक यांवर जगतो त्याला माझा सल्ला कशाला लागू पडेल, त्याने संध्याकाळच्या खाण्यापासूनच सुरू करावं. आणि जिमला जाणारा असेल तर आधी व्हे प्रोटीनच्या डब्याकडे बघा, त्यानंतर पिंपल्स वाढलेल्या पोरांच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आहेत, महिना-दोन महिने थांबवून बघायला काही जात नाही. दुधाबद्दलही संशय आहे, पण तो साखर-मैद्याइतका पक्का नाही, वाढत्या वयात माझ्या मते त्याला हात लावू नये.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. पोरगं जेवण टाळायला लागलं, सारखं वजन करायला लागलं, सगळ्यांबरोबर बसून खायला नको म्हणायला लागलं किंवा मुलीची पाळी चुकायला लागली, तर खाण्याचे नियम त्याच दिवशी बंद, बोलायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि फोड खोल, गाठीसारखे असतील, खड्डे पडत असतील, तर कोल्ड्रिंक सोडून बारा आठवडे वाट बघत बसू नका, तिथे ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा त्याहून जोरदार औषध लागतं आणि ते लवकर सुरू केलेलं बरं. औषध चालू असेल तर चालूच ठेवायचं, बाटली घरात येणं त्याच्या जोडीला थांबवायचं.