रिस्टोअर अडलंय: फोन रिकामा करावा की बॅकअप छोटा?

नव्या फोनमध्ये 6 जीबी मोकळे आणि ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप 11 जीबीचा, मग रिस्टोअर अडणारच. अशा वेळी कंटाळून ‘Skip’ दाबू नका. रिकाम्या व्हॉट्सॲपचा नवा बॅकअप झाला, की तो जुन्यावर बसतो.

मेहनत बघितली तर फोन रिकामा करणं सोपं: व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर, नको ती ॲप्स बाहेर, ट्रॅशही रिकामा, मग पुन्हा रिस्टोअर. ड्राइव्हवरच्या बॅकअपला यात हात लागत नाही. फक्त क्लीनर ॲप नको; ते `Databases` फोल्डर उडवू शकतं आणि फोनवरची प्रत तिथेच असते.

बॅकअप छोटा करायला जुना फोन चालू हवा. त्यात चॅट बॅकअपमधलं ‘Include videos’ बंद करून नवा बॅकअप घ्यायचा. पण हा नवा बॅकअपही जुन्याची जागा घेतो, व्हिडिओ त्यात नसतात. म्हणून आधी `WhatsApp Video` फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा. नंबर नव्या फोनवर व्हेरिफाय झाला असेल, तर जुन्यावर पुन्हा लॉगिनही आलं.

जुना फोन विकला किंवा फुटला असेल, तर पहिलाच मार्ग. तो हाताशी आहे आणि नवा 32 जीबीचाच आहे, तर दुसरा.