दोनशे शब्दांत स्वनिम शोधताना: नेमकी जोडी की जवळची जोडी?

एखाद्या बोलीचे दोनशे शब्द तुम्ही ध्वनिमुद्रित करून आणले आहेत आणि आता तिचे स्वनिम ठरवायचे आहेत. म्हणजे कोणता ध्वनिभेद अर्थ बदलतो आणि कोणता नुसता शेजारच्या ध्वनीमुळे होतो, हे पाहायचे आहे. पुरावा दोन तऱ्हेचा मिळतो. न्यूनतम, म्हणजेच नेमक्या जोडीत दोन शब्द एका ध्वनीपुरतेच वेगळे असतात. जवळच्या जोडीत आणखी एखादा फरक असतो, पण संशयित ध्वनीचा शेजार जवळपास तोच असतो. दोन्ही पद्धती मराठीवरच लावून पाहू, कारण उत्तर तुमच्या जिभेवर आहे.

यादी भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉदेश यांची २०७ मूलभूत अर्थांची घ्या. तिच्यात मूल आहे आणि झाडाचे मूळही आहे. म आणि ऊ तेच, फक्त शेवटी ल आणि ळ. प्रश्न एका ओळीत मिटला. एवढ्याशा यादीत असे हाती लागणे हे नशीबच. नेमक्या जोडीचे बळ हेच आहे की फरकाचे दुसरे कारण कोणाला पुढे करताच येत नाही. ही जोडी नसती तर फूल आणि मूळ यांवर काम चालवावे लागले असते. तिथे फ आणि म वेगळे आहेत, पण ल-ळ च्या आधीचा स्वर एकच आणि दोन्ही शब्दाच्या शेवटी. पहिल्या व्यंजनाने तिसऱ्या जागी ल चा ळ केला असे म्हणायला आधार नाही, म्हणून ही जोडीही चालली असती.

च ची गोष्ट अवघड आहे. मराठीत तो दोन तऱ्हांनी उच्चारला जातो: ‘चिमणी’तला तालव्य आणि ‘चमक’मधला दंततालव्य. दुसरा मी इथे च़ असा लिहितो. देवनागरीत दोघांना एकच अक्षर आहे, म्हणून यादी नेहमीच्या लेखनात उतरवलीत तर हा प्रश्न दिसणारच नाही. जे कानाला ऐकू येते तेच उतरवा, मग यादीत चार (संख्या), च़ालणे आणि च़ावणे सापडतात. नेमकी जोडी एकही नाही.

इथे घाई नडते. ज चेही असेच दोन उच्चार आहेत. यादीत जीभ तालव्य आणि ज़ाड दंततालव्य, म्हणून दोन स्वनिम ठरवावेत का? नाही. पुढचा स्वर वेगळा आहे, आणि ई हाच तर संशयित आहे: ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून पाहा, ई आली की झ तालव्य होतो. म्हणजे हा फरक स्वराने घडवलेला असू शकतो. जवळची जोडी जवळची ठरते ती फरक किती आहेत यावरून नाही, तर उरलेला फरक हा ध्वनी बदलू शकेल का यावरून.

चार आणि च़ाल या कसोटीला उतरतात. दोन्हीकडे पुढे आ आहे, उरतो शेवटचा र आणि ल. र मुळे च तालव्य होतो, अशी शंका कोणी घेतलीच तर पुढची पायरी सोपी आहे: च़ नंतर आ आणि र असलेला शब्द बोलणाऱ्याकडे मागा. गुरांचा च़ारा मिळेल, आणि त्याच्याच मागोमाग ‘वासराला गवत च़ार’ हे वाक्य. आता चार आणि च़ार ही नेमकी जोडी तयार झाली, तीही यादीबाहेरून. जवळच्या जोडीने फक्त कुठे शोधायचे ते दाखवले.

नेमक्या जोडीवरही डोळे झाकून विसंबू नका. दिन आणि दीन कागदावर नेमकी जोडी आहे, पण रोजच्या बोलण्यात बहुतेकांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात. तो भेद लेखनाचा आहे. ज़रा (थोडे) आणि जरा (म्हातारपण) यांत भेद खरा, पण दुसरा शब्द संस्कृतातून आलेला आणि पुस्तकी, म्हणून बोलीच्या घरच्या शब्दांबद्दल तो कमी सांगतो. चार हा घरचा शब्द आहे, म्हणून त्याचे वजन जास्त.

पडताळणी अशी करा. दोन्ही शब्दांचे दहा-दहा सुटे उच्चार घ्या, क्रम विस्कटा आणि त्याच बोलीच्या दुसऱ्या माणसाला ऐकवून अर्थ विचारा. वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर आले तर तो अंदाजच आहे; अठरा-एकोणीस आले तर भेद खरा.

म्हणून माझा कौल असा: दोनशे शब्दांत नेमक्या जोडीसाठी अडून बसू नका. आधी जवळच्या जोड्या लावा आणि नेमकी जोडी मागायची ती उच्चाराने जवळ असलेल्या ध्वनींसाठी, जसे ल-ळ, न-ण, च-च़. प आणि ग वेगळे आहेत हे सिद्ध करण्यात दिवस घालवायचे कारण नाही. आणि इ-ई च्या आधी च-च़ ची जोडी मिळाली नाही तर शोध लांबवू नका. त्या जागी फक्त तालव्य च येतो, म्हणून जोडी असणारच नाही. तेवढे नोंदवहीत लिहा आणि पुढच्या ध्वनीकडे वळा.