मॉलचं पार्किंग: शिक्का मारलेलं तिकीट की फास्टॅग?

हल्ली बऱ्याच मॉलमध्ये दोन्ही पर्याय असतात. सुट्टे पैसे आणि रांग एवढंच पाहायचं तर फास्टॅगच सोयीचा. पण दुकानाकडून पार्किंग माफ होणार असेल तर हिशेब जरा वेगळा होतो.

तिकिटावरचा रबरी शिक्का फक्त माणसाला दिसतो. गेटचं यंत्र बारकोड वाचतं आणि गाडी आत आल्याची वेळ बघतं. दुकानाने किंवा मदत कक्षाने तो बारकोड स्कॅन करून सवलत चढवली नसेल, तर यंत्राच्या लेखी तो शिक्का नसतोच. त्यात पार्किंगचं कंत्राट बहुतेकदा वेगळ्या कंपनीकडे असतं. बूथवरचा मुलगा "शिक्का आमच्याकडे चालत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. रक्कम कमी करायची सोयच कदाचित त्याच्याकडे नसते.

समजा, पहिल्या २ तासांना ४० रुपये आणि पुढच्या प्रत्येक तासाला किंवा त्याच्या भागाला २० रुपये असा दर आहे. शिक्क्याने ३ तास माफ. गाडी ५:१० ला आत, ८:१६ ला गेटवर. ६ मिनिटं जास्त झाली, म्हणजे चौथा तास धरला जाणार आणि २० रुपये लागणार. इथवर ठीक. पण सवलत चढलेलीच नसेल तर यंत्र ८० मागतं.

माझा कल ठरतो तो इथे. कागदी तिकीट असेल तर ते ८० अजून तुमच्या खिशात असतात. बिल दाखवता येतं, सुपरवायझरला बोलावता येतं. मागचे हॉर्न वाजवतात, ते सोसायचं. फास्टॅगमध्ये मात्र गेट उघडतं, पैसे कापले जातात आणि वाद त्यानंतर सुरू होतो, तोही टॅग देणाऱ्या बँकेशी. मुळात तिकीटच नसल्याने शिक्का मारायचा कशावर, हा प्रश्न उरतोच; गाडीच्या नंबरावर सवलत चढवणारा कक्ष असेल तरच निभावतं.

तिकीट घेतलंत तर गाडीकडे जाण्याआधी आतल्या पेमेंट यंत्रावर ते स्कॅन करून बघा. सवलत चढली असेल तर रक्कम कमी झालेली किंवा शून्य दिसते. तशी दिसली नाही तर लगेच दुकानात परत जा, गेटवर हा घोळ सहज सुटत नाही. पैसे भरल्यावर बाहेर पडायला साधारण १०-१५ मिनिटंच मिळतात. तळघरात गाडी शोधण्यात ती गेली तर पुढचा तास लागतो. आणि तिकीट हरवलं तर बहुतेक ठिकाणी अख्ख्या दिवसाचे पैसे द्यावे लागतात, ही कागदाची खरी कमजोरी.

विमानतळावर मात्र शिक्क्याचा प्रश्न सहसा येत नाही आणि विमानाला उशीर झाला तर मुक्काम किती लांबेल ते आधी कळत नाही. तिथे फास्टॅग बरा. फक्त टॅग चालू असताना आत येताना बटण दाबून तिकीटही घेऊ नका. काही ठिकाणी दोन नोंदी होतात आणि मग दोन्हीकडून वसुली होऊ शकते.