मिनिटाची चाचणी की वाचननोंद?

तिसरीत चाळीस मुलं, प्रकट वाचन कसं तपासू, असं एका शिक्षिकेने विचारलं. वेळ पाहिलात तर मिनिटाची चाचणी सोपी: ६२ शब्द वाचले, ५ चुकले, म्हणजे मिनिटाला ५७ बरोबर. पण चूक कसली, ते कळत नाही. (शिवाय घड्याळ दिसलं की मुलं उगाच धावतात.)

वाचननोंदीत बरोबर शब्दाला टिक करायची, चुकल्यास मूल काय म्हणालं ते लिहायचं. ‘घागर भरली’ला ‘कळशी भरली’ म्हणणारं मूल अर्थ धरतं, अक्षरं सोडतं. ‘घागर भारली’ म्हणणाऱ्याचं उलट. शंभर शब्दांत दहाहून जास्त चुका झाल्या, तर उतारा जड आहे. मात्र एकेका मुलाला दहा मिनिटं सहज जातात.

म्हणून अख्ख्या वर्गाची चाळणी मिनिटाच्या चाचणीने करा. वाचननोंद अडखळणाऱ्या मुलांपुरती ठेवा.